एकोणतीस इंच कुठून कुठपर्यंत? कॅरम बोर्डाचे माप आणि त्याची तपासणी

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या क्लबरूमसाठी गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एक कॅरम बोर्ड आणला गेला. दुकानदाराच्या बिलावर ‘बत्तीस इंची मोठा बोर्ड’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि तो दिसायलाही भारदस्त होता, त्यामुळे तो पूर्ण मापाचा नसेल अशी शंका कोणालाही आली नाही. सोसायटीतील दोन मुले आंतरशालेय स्पर्धेची तयारी करत होती. पंधरा दिवसांनी त्यांतील एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, शाळेच्या बोर्डावर माझा कट नेहमी कमी पडतो, इथे मात्र बरोबर बसतो. माझं काय चुकतंय?” मी मेजरिंग टेप घेऊन खाली गेलो. बोर्डाच्या बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत माप ८१.३ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३२ इंच भरले. परंतु त्यात दोन्ही बाजूंच्या ७.६ सेंटिमीटर रुंदीच्या फ्रेम धरलेल्या होत्या. त्या वजा केल्यावर आत खेळायला उरली ती ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच जागा. मुलीचे काहीच चुकत नव्हते. तिचा हात एका मापाला सरावत होता आणि परीक्षा दुसऱ्याच मापावर होत होती.

दुकानदार खोटे बोलला असे मला म्हणता येत नाही, कारण बोर्ड ३२ इंची होताच. प्रश्न इतकाच आहे की कॅरम बोर्डाचे माप म्हणजे कुठून कुठपर्यंतचे माप, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्याने विचारले नाही. स्पर्धेच्या नियमांत याबाबत कोणतीही संदिग्धता नाही. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली चेन्नई येथे स्थापन झाला आणि त्याच्या नियमांनुसार मोजले जाते ते खेळाचे क्षेत्र, म्हणजे एका फ्रेमच्या आतल्या कडेपासून समोरच्या फ्रेमच्या आतल्या कडेपर्यंतचा पृष्ठभाग. हे क्षेत्र चौरस असले पाहिजे आणि त्याची बाजू ७३.५० सेंटिमीटरपेक्षा कमी व ७४.०० सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. फ्रेमची रुंदी ६.३५ ते ७.६० सेंटिमीटर ठेवायची मुभा आहे, त्यामुळे बाहेरचे माप ८६ सेंटिमीटरही येऊ शकते आणि ८९ सेंटिमीटरही. दोन्ही बोर्ड तितकेच नियमात बसतात. म्हणून बाहेरच्या मापावरून बोर्ड ओळखणे हा मुळातच चुकीचा मार्ग आहे.

नियमांतील हे आकडे प्रथम वाचताना विचित्र वाटतात. पॉकेट ४.४५, स्ट्रायकर ४.१३, सोंगटी ३.१८, फ्रेम ६.३५ असे कोणी का ठरवले असेल? याचे उत्तर असे की ही मापे मुळात इंचांची आहेत आणि सेंटिमीटर हा त्यांचा नंतर चढवलेला पोशाख आहे. २९ इंच म्हणजे ७३.६६ सेंटिमीटर, आणि ते बरोबर ७३.५० ते ७४.०० च्या मध्ये येते. अडीच इंच म्हणजे ६.३५, पावणेदोन इंच म्हणजे ४.४५, सव्वा इंच म्हणजे ३.१८ आणि एक इंच म्हणजे २.५४. हे एकदा लक्षात आले की पाठांतर करावे लागत नाही. एकोणतीस इंचांचे क्षेत्र, अडीच ते तीन इंचांची फ्रेम, पावणेदोन इंचांचे पॉकेट आणि सव्वा इंचाची सोंगटी एवढे ध्यानात ठेवले तरी दुकानात उभ्या उभ्या निम्मे काम होते. आपल्याकडे सुतार अजूनही इंच आणि सूत बोलतात, त्यामुळे त्यांनाही हीच भाषा लगेच समजते.

फ्रेमच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो, तो उंचीचा. बाजारात ‘तीन बाय दोन’ अशी फ्रेम सांगितली जाते. त्यातील तीन इंच ही रुंदी आणि दोन इंच ही लाकडाची पूर्ण जाडी असते. त्या जाडीचा बराच भाग प्लायच्या पातळीखाली जातो. खेळाशी संबंध असतो तो प्लायच्या वर दिसणाऱ्या भागाचा आणि नियमानुसार ही उंची १.९० ते २.५४ सेंटिमीटर, म्हणजे पाऊण ते एक इंच, असली पाहिजे. सोंगटीची जाडी ७ ते ९ मिलिमीटर असते, म्हणजे फ्रेमची कड सोंगटीच्या दुपटीहून उंच असते. जोराच्या फटक्यात उचललेली सोंगटी फ्रेमवरून बाहेर उडू नये, आणि त्याच वेळी स्ट्रायकरवर येणारा हात फ्रेमला अडखळू नये, या दोन गरजांमधले हे माप आहे. फ्रेम शिसवी किंवा तशाच कठीण लाकडाची लागते, कारण मऊ लाकूड फटका गिळते आणि रिबाउंड मरतो. चार इंची रुंद फ्रेम पाहून पुष्कळ लोक प्रभावित होतात. परंतु रुंदीमुळे बोर्ड जड आणि स्थिर होतो, खेळाचे क्षेत्र त्याने एका दोऱ्यानेही वाढत नाही.

आता सोंगट्या आणि स्ट्रायकर. सोंगटीचा व्यास ३.०२ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि ३.१८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा, तिचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम असावे आणि ती लाकडाची असावी. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी या एकोणीसही नगांना हाच नियम लागू आहे. राणी रंगाने वेगळी असली तरी मापाने वेगळी असता कामा नये. स्ट्रायकरला मात्र फक्त वरची मर्यादा आहे. त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, एवढेच नियम म्हणतो. शिवाय तो धातूचा किंवा हस्तिदंताचा चालत नाही. दुकानात रंगीत, जाडजूड, चमकदार स्ट्रायकर मिळतात आणि त्यांतील काही या वजनापेक्षा जड असतात. घरी त्यांनी खेळायला हरकत नाही, परंतु स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाच्या हाती ते देऊ नयेत, कारण जड स्ट्रायकरची सवय झालेल्या हाताला १५ ग्रॅमचा स्ट्रायकर कापसासारखा वाटतो.

ही मापे सुटी सुटी नाहीत, ती एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि बोर्ड तपासण्याची खरी किल्ली त्या गुंफणीत आहे. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असतो आणि त्यात फार तर ०.१५ सेंटिमीटरची वाढ चालते. त्यातून ३.१८ ची सोंगटी जाताना साधारण सव्वा सेंटिमीटर मोकळीक मिळते, तर ४.१३ चा स्ट्रायकर जाताना केवळ ३ मिलिमीटर. म्हणजे स्ट्रायकर पॉकेटमध्ये पडू शकतो, आणि तो पडला की दंड भरावा लागतो, परंतु तो अगदी नेमका गेला तरच पडतो. पॉकेट ४.८ सेंटिमीटर कापले गेले तर हा तोल बिघडतो. सोंगटी घालणे सोपे होते आणि स्ट्रायकर वारंवार आत जाऊ लागतो. त्याचप्रमाणे बेसलाइनच्या दोन रेषांच्या पट्ट्याची रुंदी ३.१८ सेंटिमीटर असते आणि तिच्या टोकांची वर्तुळेही ३.१८ सेंटिमीटर व्यासाचीच असतात, म्हणजे सोंगटी त्या वर्तुळावर ठेवली तर ते पूर्ण झाकले जाते. स्ट्रायकर मारताना तो दोन्ही रेषांना टेकलेला असावा लागतो, आणि ४.१३ चा स्ट्रायकर पट्ट्याच्या मध्यावर ठेवला की दोन्हीकडे जवळपास ५ मिलिमीटर बाहेर येतो. मधले मोठे वर्तुळ १७ सेंटिमीटर व्यासाचे असते. राणीभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा सोंगट्या रचल्या की एका सरळ रेषेत पाच सोंगट्या येतात. पाच वेळा ३.१८ म्हणजे १५.९ सेंटिमीटर. म्हणजे संपूर्ण रचना वर्तुळात बसून दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा शिल्लक राहिली पाहिजे.

आमच्या बत्तीस इंची बोर्डाची गोष्ट इथेच उघड झाली. छपाई करणाऱ्याने पूर्ण मापाचे चित्र प्रमाणात लहान केले होते, त्यामुळे मधले वर्तुळ १५.२ सेंटिमीटर भरले. सोंगट्या मात्र कोणी लहान केल्या नव्हत्या, त्या ३.१४ सेंटिमीटरच्या होत्या आणि पाचांची रांग १५.७ सेंटिमीटर होत होती. मी सोंगट्या रचून त्या मुलीला दाखवल्या, तेव्हा बाहेरच्या कोपऱ्यांवरच्या सहा सोंगट्यांच्या कडा काळ्या रेषेवर चढलेल्या दिसल्या. टेप नसतानाही लहान बोर्ड ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे: सोंगट्या रचा, आणि रचना वर्तुळाच्या आत मोकळी बसते की रेषेवर चढते ते पाहा. अर्थात छपाई पूर्ण मापाची आणि प्लाय लहान, असेही बोर्ड असू शकतात, त्यामुळे ही खूण जुळली तरी आतले माप घ्यावेच.

२६ आणि २९ इंचांत फरक तीनच इंचांचा असला तरी क्षेत्रफळात तो मोठा होतो. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६ आणि ७३.६६ गुणिले ७३.६६ म्हणजे सुमारे ५,४२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे लहान बोर्डावर पाचातला एक हिस्सा जागा नसतेच, आणि सोंगट्या व पॉकेट त्याच मापाचे राहिल्यामुळे बोर्ड दाट होतो. तिरका कट मारताना सोंगटीला पॉकेटपर्यंत कमी अंतर जायचे असते, म्हणून कोनातली लहानशी चूक खपून जाते. मोठ्या बोर्डावर तीच चूक पॉकेटपर्यंत पोहोचेतो वाढते आणि सोंगटी फ्रेमला लागून परत येते. त्या मुलीच्या प्रश्नाचे हेच उत्तर होते.

सोसायटीने मग दुसरा बोर्ड घ्यायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. या वेळी मी दुकानात जाताना स्टीलची टेप, ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एक काचेची गोटी, एक छोटी टॉर्च आणि काही कोरे कागद बरोबर नेले. दुकानदाराला प्रथम हे चमत्कारिक वाटले, परंतु बोर्ड आडवा ठेवून पाहू द्यायला त्यांनी नकार दिला नाही. कोणी नकार दिलाच तर तिथून बोर्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात आतल्या मापाने करावी. टेपच्या टोकाचा धातूचा हूक किंचित हलतो. तो सैल झालेला नसतो, तर आतून टेकवताना आणि बाहेरून अडकवताना हूकची स्वतःची जाडी मापात येऊ नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. म्हणून आतले माप घेताना तो फ्रेमवर नीट दाबून टेकवावा. दुसऱ्या टोकाला टेप वाकवून अंदाजाने वाचण्यापेक्षा दोन सपाट काठ्या एकमेकींवर सरकवून त्यांची बाहेरची टोके समोरासमोरच्या फ्रेमना टेकवावीत, जिथे त्या जुळतात तिथे पकडून बाहेर काढाव्यात आणि मग त्यांची एकूण लांबी मोजावी. सुतार खिडकीच्या चौकटीचे आतले माप असेच घेतात. हे माप प्रत्येक दिशेने तीन ठिकाणी घ्यावे: दोन्ही कडांजवळ आणि मध्यावर. कडांजवळ ७३.७ आणि मध्यावर ७३.९ आले तर फ्रेम बाहेरच्या बाजूला पोट काढून बसली आहे, असे समजावे. दोन्ही आकडे नियमात बसतात, तरीही अशा फ्रेमवरून रिबाउंड सरळ येणार नाही.

यानंतर कर्ण. चारही बाजू सारख्या आल्या म्हणजे बोर्ड चौरस झाला असे नाही. तो समभुज चौकोनासारखा कललेला असू शकतो. एका आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत असे दोन्ही कर्ण मोजावेत. ७३.६६ च्या चौरसाचा कर्ण १०४.२ सेंटिमीटरच्या जवळपास येतो, परंतु कोपरे आतून गोलाई दिलेले असतील तर तो आकडा थोडा कमी भरेल, म्हणून नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही कर्णांतील फरक महत्त्वाचा. मी पाहिलेल्या पहिल्या बोर्डात एक कर्ण १०४.५ आणि दुसरा १०३.८ आला, म्हणजे ७ मिलिमीटरचा फरक. हिशेब केला तर याचा अर्थ असा की समोरची फ्रेम जिथे असायला हवी तिथून बाजूला सुमारे ५ मिलिमीटर सरकलेली आहे. सुताराने गुण्या लावून पाहिले असते तर ते जोडतानाच कळले असते. दुसऱ्या बोर्डात कर्णांचा फरक २ मिलिमीटर होता. कर्णांत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी स्वीकारतो. हा नियमातला आकडा नाही, माझा स्वतःचा निकष आहे, कारण एवढी चूक टेपच्या वाचनातही होऊ शकते.

मग येतो प्लाय, आणि मला वाटते लोक सर्वांत कमी लक्ष याच्याकडे देतात. नियमानुसार प्लायची जाडी किमान ८ मिलिमीटर हवी. दुकानदार सांगेल ते ऐकण्यापेक्षा पॉकेटची जाळी बोटाने बाजूला सारावी आणि भोकाच्या कापलेल्या कडेकडे टॉर्चच्या उजेडात पाहावे. तिथे प्लायचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात आणि पट्टीने जाडीही मोजता येते. थरांच्या मध्ये काळी फट दिसली तर आत पोकळी आहे, आणि तशी पोकळी बोर्डात अन्यत्रही असण्याची शक्यता असते. जाडीचे महत्त्व आपण समजतो त्याहून मोठे आहे: त्याच लाकडाची फळी दुप्पट जाड केली तर ती वाकायला आठपट अवघड होते. म्हणून ४ मिलिमीटरचा प्लाय आणि ८ मिलिमीटरचा प्लाय यांच्यातील अंतर हे केवळ दुपटीचे नसते. पातळ प्लायच्या मध्यावर अंगठ्याने दाबले तर तो दबतो; खालच्या आधाराच्या आडव्या पट्ट्या त्याला चिकटलेल्या नसतील तर टिचकी मारल्यावर ढबढब असा पोकळ आवाज येतो.

सपाटी पाहण्यासाठी स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून प्लायवर ठेवावी आणि तिच्या मागे टॉर्च लावावी. पट्टीखालून जिथे उजेड झिरपतो तिथे खळगा आहे. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना डुलली तर उंचवटा आहे. खळगा किती खोल आहे हे कागदांनी मोजता येते. झेरॉक्सचा एक साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. फटीत पाच कागद सरकले तर अर्धा मिलिमीटरची फट झाली. तेवढ्यावर मी थांबतो. त्याहून जास्त असेल तर बोर्ड घेत नाही. पट्टी दोन्ही दिशांना, दोन्ही कर्णांवर आणि विशेषतः पॉकेटच्या तोंडाशी फिरवावी, कारण तिथे प्लायची कड उचललेली असेल तर हळू आलेली सोंगटी भोकाच्या काठावर येऊन थांबते.

गोटीचे काम यानंतरचे. काचेची गोटी बोर्डाच्या मध्यावर अलगद सोडली आणि ती एका बाजूला घरंगळली, तर दोष बोर्डाचा आहे की त्याच्याखालच्या टेबलाचा, हे लगेच सांगता येत नाही. त्यासाठी बोर्ड आहे त्याच जागी पाव वळसा फिरवावा आणि गोटी पुन्हा सोडावी. गोटी पूर्वीसारखीच दुकानाच्या दाराकडे गेली तर टेबल कललेले आहे आणि ते पाणसळ लावून सरळ करता येईल. परंतु ती बोर्डाबरोबर वळली, म्हणजे आधी ज्या बेसलाइनकडे गेली होती त्याच बेसलाइनकडे पुन्हा गेली, तर उतार बोर्डातच आहे. मी घेतलेल्या बोर्डावर गोटी दोन्ही वेळा दाराकडेच गेली आणि दुकानदारांनी मोठ्या मनाने टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

शेवटची परीक्षा मात्र टेपने होत नाही, ती स्ट्रायकरनेच होते. बोर्डाच्या वेगाबद्दल नियम असा आहे की १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला तर त्याने फ्रेमपासून फ्रेमपर्यंत किमान साडेतीन फेऱ्या धावले पाहिजे. बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून, त्यावर थोडी बोरिक पावडर पसरून हे चारही बाजूंनी करून पाहावे. तीन बाजूंनी साडेतीन फेऱ्या आणि चौथ्या बाजूने दोनच फेऱ्या आल्या, तर प्लाय ठीक आहे पण कोणती तरी फ्रेम सैल आहे. त्या फ्रेमवर मधोमध आणि टोकांना बोटाच्या पेराने ठोकावे, जिथे आवाज बदलतो तिथे ती खालच्या भागाशी नीट जोडलेली नाही. याच वेळी रिबाउंडची दिशाही पाहावी. बेसलाइनच्या मध्यावरून समोरच्या फ्रेमवर बरोबर काटकोनात मारलेला स्ट्रायकर त्याच वाटेने परत आला पाहिजे. आपला हात चुकतो, म्हणून हे एकदा नव्हे, दहा वेळा करावे. परतणारा स्ट्रायकर कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे गेला तर चूक आपली; दहापैकी आठ-नऊ वेळा एकाच बाजूला गेला तर चूक फ्रेमची.

सोंगट्यांची तपासणी घरी बसून शांतपणे करता येते आणि तिला व्हर्नियर कॅलिपरची गरज नसते. जमिनीवर सरळ पट्टी ठेवून तिच्या कडेला दहा सोंगट्या एकमेकींना टेकवून ओळीने लावाव्यात. रांगेची लांबी ३०.२ ते ३१.८ सेंटिमीटरच्या दरम्यान आली तर सरासरी व्यास नियमात आहे. सरासरीआड एखादी मोठी सोंगटी लपून राहते, तिला पकडण्यासाठी दोन जाड पुस्तके ३.१८ सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेवून त्या फटीतून प्रत्येक सोंगटी ढकलून पाहावी. अडकली ती बाद. ती चिमटीत थोडी फिरवून पुन्हा ढकलावी. एका स्थितीत गेली आणि दुसऱ्या स्थितीत अडकली तर ती अंडाकार झालेली आहे. लाकूड ओलाव्याने सगळ्या दिशांना सारखे फुगत नाही, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत खिडकीजवळ उघड्या डब्यात राहिलेल्या सोंगट्यांत असा एखादा तरी नग सापडतो. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. एकच सोंगटी ठेवली तर असा काटा ५ किंवा ६ असा ढोबळ आकडा दाखवेल, म्हणून एकोणीसही सोंगट्या एकदम ठेवाव्यात: ९५ ते १०४.५ ग्रॅम यांच्या दरम्यान वजन भरले पाहिजे. आमचा संच ९८ ग्रॅम भरला. स्ट्रायकर मात्र एकटाच ठेवावा आणि काट्याने १५ च्या वर आकडा दाखवला तर तो बाजूला काढावा.

नवा बोर्ड आतून एका दिशेने ७३.७ आणि दुसऱ्या दिशेने ७३.६ सेंटिमीटर भरला, फ्रेमची रुंदी ७.५ आणि प्लायवरची उंची २.२ सेंटिमीटर आली, पॉकेटे ४.५ सेंटिमीटरची निघाली आणि मधल्या वर्तुळात सोंगट्या रचल्यावर चहूकडे बोटाच्या नखाएवढी जागा मोकळी राहिली. पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, मी पट्टी आणि कागद घेऊन तो पुन्हा तपासला तेव्हा मध्यावर दोन कागदांची फट आढळली, जी घेताना नव्हती. बोर्ड वापरात नसताना क्लबरूमच्या बाहेरच्या, पावसाने ओलावणाऱ्या भिंतीला तिरका टेकवून ठेवला जात होता. आता तो आतल्या कोरड्या भिंतीशी सरळ उभा ठेवला जातो आणि त्याच्या खाली दोन लाकडी ठोकळे आहेत. संक्रांतीला तिसऱ्यांदा मोजले तेव्हाही फट दोन कागदांचीच होती. जुना बत्तीस इंची बोर्ड आम्ही टाकून दिला नाही. तो लहान मुलांना दिला असून, त्याच्या फ्रेमवर मागच्या बाजूने ठळक अक्षरांत ‘आतील माप २६ इंच’ असे रंगवून ठेवले आहे.